ताशाची काडी पडायच्या आधीच लिमिटर कसा सावध होतो

आता पाहा, लिमिटर म्हणजे आवाजाला ठरलेल्या सीमेवर रोखणारा प्रोसेसर, त्याला भविष्य वगैरे काही दिसत नाही, तो फक्त आवाज थोडा थांबवून ठेवतो. समजा हा थांबवण्याचा वेळ, म्हणजे लुकअहेड, 5 मिलिसेकंद ठेवला, 48 किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाची 48 हजार मोजमापं घेताना, ती झाली 240 मोजमापं, म्हणजेच 240 सॅम्पल. तुम्हाला ऐकू येणारा आवाज तेवढा उशिरा बाहेर पडतो, पण मोजणारा भाग मात्र तोच आवाज उशीर न करता आधीच वाचतो, म्हणून आवाजाचं टोक, म्हणजे पीक, बाहेर यायच्या 240 सॅम्पल आधी त्याला ते कळलेलं असतं.

आपल्या नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीचं रेकॉर्डिंग घ्या, ढोल आणि ताशा एकाच स्टिरिओ फाइलमध्ये. सीलिंग, म्हणजे ओलांडायची नाही ती सीमा, उणे 1 डीबी आणि ताशाचं एक पीक अधिक 5 ला जातंय, म्हणजे 6 डीबी खाली आणायचंय, आवाजाच्या लाटेची उंची जवळपास अर्धी. लिमिटर येणाऱ्या 240 सॅम्पलमधलं सगळ्यात मोठं पीक पकडतो, त्याला लागणारा गेन, म्हणजे आवाज किती पट ठेवायचा तो आकडा, ठरवतो आणि मग तो गेन सरासरी काढत काढत हळूहळू उतरवतो, असा की पीक दारात आलं तेव्हा गेन नेमका अर्ध्यावर. लुकअहेड नसता तर दोनच रस्ते होते, एकतर गेन झटक्यात पाडा आणि कटकट असा आवाज ऐका, नाहीतर हळू पाडा आणि पीक निसटू द्या.

पण याची किंमत ढोल भरतो भाऊ, आणि मला हे फार खटकतं. ताशाचा तो टोकदार भाग जेमतेम एक-दोन मिलिसेकंदांचा, गेन मात्र ढोलासकट सगळ्याचाच पडतो. पडून परत वर यायला जो वेळ लागतो तो रिलीज. ताशाच्या काड्या समजा दर 80 मिलिसेकंदांनी पडतायत आणि रिलीज 200 चा, तर गेन सावरायच्या आतच पुढची काडी येते, ढोल पूर्ण वेळ दबलेलाच राहतो. मग माणूस रिलीज 20 वर आणतो, तर 60 हर्ट्झच्या ढोलाची एक लाट साधारण 17 मिलिसेकंदांची असते, गेन त्या लाटेच्या आतच वरखाली व्हायला लागतो आणि ढोल खरखरतो. शिवाय ताशाचं टोक दाबलं गेलं आणि मागची झणझण लगेच वर आली की काडीचा मारच बोथट होतो.

लुकअहेड वाढवून हे सुटत नाही, उलट 20 मिलिसेकंद केलात तर काडीच्या आधीचा ढोलही दबतो. म्हणून मी आधी क्लिपरने वरचे 2-3 डीबी छाटतो, तो फक्त सीमेबाहेर गेलेली सॅम्पल कापतो, बाजूच्या ढोलाला हात लावत नाही, आणि ताशाचा आवाज मुळातच कर्कश, त्यात तेवढी छाटणी लपते. उरलेलं लिमिटरकडे. वेगवेगळे ट्रॅक असतील तर हे सगळं ताशाच्याच ट्रॅकवर करा न.

तपासायचं कसं? लिमिटरचा उशीर भरून काढा, मूळ आवाजातून लिमिट केलेला वजा करा, आणि मधे वॉल्यूम वाढवणारं नॉब शून्यावर ठेवा. जे उरतं त्यात नुसती टिकटिक ऐकू आली तर ठीक, ढोलाची घुमघुम ऐकू आली तर लिमिटर ढोल खातोय.