ती ऑर्गनची धून कुणाची?

(फिरणारी तबकडी. कॅमेरा लेबलवर.)

तबकडीवर दोनच आडनावं छापली आहेत, रीड आणि ब्रूकर. कीथ रीड यांचे शब्द, गॅरी ब्रूकर यांचं संगीत. प्रोकल हारम या इंग्लिश बँडचं ‘अ व्हायटर शेड ऑफ पेल’, साल 1967.

(ऑर्गनची सुरुवात पूर्ण ऐकू द्यावी. निवेदन नाही.)

हे वाजवणाऱ्याचं नाव लेबलवर नाही. तो मॅथ्यू फिशर. तो बँडमध्ये आला तेव्हा ब्रूकरनी पियानोवर गाण्याचा आराखडा बांधला होता. त्यावर फिशरनी हॅमंड ऑर्गनवर ही धून रचली. तिच्यावर जर्मन संगीतकार बाखची छाप आहे, पण ती बाखची नक्कल नाही.

(हॅमंडच्या पट्ट्यांवर हात.)

आता पैसा कसा वाहतो ते पाहा. एका तबकडीत दोन वेगळ्या मालमत्ता असतात: गाणं आणि त्याचं ध्वनिमुद्रण. मुद्रणाचा पैसा कंपनीकडून वाजवणाऱ्यांना मिळतो, करारात ठरलं असेल तेवढा. गाण्याचा पैसा प्रकाशकामार्फत फक्त रचणाऱ्यांना. दुसऱ्या कुणी तेच गाणं नव्यानं गायलं, तरी रचणाऱ्याचं मानधन सुरूच राहतं आणि मूळ वादकाच्या हाती काही पडत नाही. अमेरिकेत तर नेहमीचं रेडिओ केंद्र गीतकार-संगीतकारांनाच पैसे देतं, वाजवणाऱ्यांना नाही.

हे गाणं शेकडो जणांनी गायलं. अनेकांनी फिशरची धूनही उचलली. फिशर मात्र कागदावर नुसते वादक.

(लंडनचं उच्च न्यायालय, बाहेरून.)

2005 मध्ये फिशरनी दावा लावला. ब्रूकर यांचं म्हणणं, ऑर्गन माझ्याच पियानोच्या सुरावटीतून निघाला. बँडमध्ये वाजवताना कुणीही चार सुरांची भर घालतो, हे खरंच. मग वाजवणं कुठे संपतं आणि रचणं कुठे सुरू होतं? न्यायालयानं 2006 मध्ये पाहिलं ते हे: ही धून स्वतंत्रपणे ओळखू येते, आणि एकूण गाण्यात तिचा वाटा मोठा आहे. फिशरनी संगीताचा निम्मा वाटा मागितला होता, मिळाला 40 टक्के. शब्द आणि संगीत निम्मेनिम्मे धरले, तर शंभरातले पन्नास रीडचे, तीस ब्रूकरचे, वीस फिशरचे.

(पुन्हा ऑर्गन, हलक्या आवाजात.)

अपील न्यायालयानं 2008 मध्ये रचनेचं श्रेय ठेवलं, पण इतकी वर्षं गप्प बसलात म्हणून पैसा नाकारला. मला हा न्याय विचित्रच वाटतो. 2009 मध्ये, तेव्हा ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं तो पालटला.

मागच्या 38 वर्षांचं मानधन मात्र नाही. वाटा दावा लावल्यापासूनचा. ब्रूकरना धास्ती होती, की आता कुठल्याही जुन्या मुद्रणावर वाजवलेला कुणीही उठून हक्क सांगेल.