रस्त्याची मोजमाप पुस्तिका मागा

नमस्कार श्रोतेहो. आपल्या गल्लीतला रस्ता दोन वर्षांपूर्वी झाला, गेल्या पावसात उखडला आणि आता त्यावर पुन्हा खडी पडते आहे. हे दृश्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही नगरपरिषदेच्या हद्दीत दिसतं. मग कुणीतरी म्हणतं, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकू या. अर्ज जातो आणि महिन्याभरानं एक ओळीचं उत्तर येतं. पुष्कळदा त्याचं कारण अर्जातच असतं. तो अर्ज कसा असावा, एवढंच आज सांगणार आहे.

आपण लिहितो, "प्रभागातील रस्त्यांवर किती खर्च झाला आणि तरीही खड्डे का आहेत?" यातल्या "का"ला उत्तर मिळत नाही. कायद्यानं मिळते ती कार्यालयाच्या नोंदीत असलेली माहिती. अधिकाऱ्यानं खुलासा लिहून द्यावा किंवा नवा तक्ता तयार करावा, असं बंधन त्याच्यावर नाही. सर्वोच्च न्यायालयानंही 2011 मध्ये हे स्पष्ट केलं आहे. शिवाय "सर्व रस्ते, गेली दहा वर्षं" असं मागितलं की "माहिती विस्तृत स्वरूपाची आहे" हे उत्तर तयारच असतं. म्हणून एक रस्ता धरायचा, एक काम धरायचं आणि कागदाचं नाव घेऊन कागद मागायचा.

त्यातला सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे मोजमाप पुस्तिका, ज्याला कार्यालयात सगळे एमबी म्हणतात. अंदाजपत्रकात काय करायचं ठरलं ते असतं, कार्यारंभ आदेशात काम कुणाला दिलं ते असतं. प्रत्यक्ष काय झालं आणि कशाचे पैसे दिले, ते मात्र एमबीत. जाड पुठ्ठ्याची वही, पानांवर छापील क्रमांक. कनिष्ठ अभियंता जागेवर मोजतो आणि लांबी, रुंदी, जाडी, परिमाण अशा रकान्यांत भरतो. वरिष्ठानं मोजणी तपासली की त्याची सही खाली येते. देयक निघालं की त्या पानांवर लाल शाईची तिरकी रेघ मारण्याची पद्धत आहे, म्हणजे त्याच मोजमापावर दुसरं बिल निघू नये. पान पाहाल तेव्हा ही रेघ, तारखा आणि खाडाखोड यांकडे नीट बघा.

आता एक उदाहरण घेऊ. समजा एमबीत लिहिलंय, लांबी 180 मीटर, रुंदी 4 मीटर, डांबरी थराची जाडी 50 मिलिमीटर. याचा गुणाकार 36 घनमीटर, आणि बिल तेवढ्याचं. तुम्ही शेजाऱ्याला टेपचं दुसरं टोक धरायला लावून चार-पाच ठिकाणी रुंदी मोजलीत आणि डांबर सरासरी 3.40 मीटरच भरलं. लांबी आणि जाडी खरी मानली तरी माल 30.6 घनमीटर होतो. साडेपाच घनमीटरच्या आसपास, म्हणजे जवळपास सातवा हिस्सा डांबर रस्त्यावर नाही, त्याचे पैसे मात्र गेलेत. अर्थात लगेच आरोप करू नका. कडा तुटून रुंदी कमी झालेली असू शकते. मूळ कड कुठवर होती ते खडीच्या थरावरून कळतं. जाडी वरून दिसत नाही. पण नळासाठी रस्ता खणला जातो, तेव्हा चराच्या भिंतीत डांबराचा काळा थर स्वच्छ दिसतो. तिथे पट्टी लावून फोटो घ्या. कायद्यात साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार दिलेला आहे, आणि माझ्या मते त्याचा वापर फारच कमी होतो.

दुसरा कागद निविदेच्या अटींचा, त्यातही दोष दायित्व कालावधीचा. काम पूर्ण झाल्यावर ठरावीक मुदतीत रस्ता बिघडला, तर ठेकेदारानं तो स्वखर्चानं दुरुस्त करायचा. त्यासाठी त्याची अनामत पालिकेकडे अडकवलेली असते. मुदत किती, हे त्या त्या निविदेत लिहिलेलं असतं. या मुदतीत त्याच रस्त्यावर खड्डे बुजवायचं नवं बिल निघालं असेल, तर एकाच रस्त्याचे पैसे आपण दोनदा भरलेत. हे पकडायला अभियांत्रिकी लागत नाही. काम पूर्ण झाल्याचा दाखला आणि नव्या दुरुस्तीचा कार्यारंभ आदेश शेजारी ठेवले की तारखाच बोलतात.

तर अर्ज असा होईल: "अमुक चौक ते अमुक मंदिर या रस्त्याच्या 2022-23 मधील डांबरीकरणाचे मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, अंतिम देयक, साहित्य चाचणी अहवाल, पूर्णत्वाचा दाखला, दोष दायित्वाची अट, तसेच त्यानंतर याच रस्त्यावर झालेल्या दुरुस्तीचे कार्यारंभ आदेश व देयके यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. प्रती घेण्यापूर्वी अभिलेखाचे अवलोकन करावयाचे आहे." महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर 150 शब्दांच्या आत हवा. हा मजकूर त्यात आरामात बसतो. जोडपत्र अ च्या नमुन्यात, जन माहिती अधिकारी, बांधकाम विभाग यांच्या नावे लिहा आणि 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही. माहिती कशाला हवी, हे सांगायची गरज नाही आणि कुणी विचारूही शकत नाही. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच मात्र घ्याच, कारण पुढचे सगळे दिवस तिथून मोजले जातात.

अवलोकन का, तर प्रतीचे पानाला 2 रुपये पडतात आणि सबंध फाइल बहुधा लागत नाही. समोर बसून पानं चाळा, हवी ती निवडा. अर्जाआधीही फाइल बघायची असेल, तर 2018 च्या शासन परिपत्रकानुसार दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळात नागरिकांना अभिलेख पाहू देण्याची सोय स्थानिक संस्थांमध्येही आहे. काही कार्यालयांत हे माहीतच नसतं, म्हणून परिपत्रकाची प्रत सोबत न्यावी.

उत्तराची मुदत 30 दिवस. शुल्क भरा म्हणून पत्र आलं तर ते पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस यात धरत नाहीत, तेव्हा पैसे लगेच भरा. मुदत उलटली तर माहिती फुकट द्यावी लागते. नकार आला किंवा काहीच आलं नाही, तर 30 दिवसांत 20 रुपयांचा स्टॅम्प लावून त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करा. "ठेकेदाराची हरकत आहे" हे कारण दिलं, तर अपिलात लिहा की हा सार्वजनिक पैशातून झालेल्या कामाचा आणि दिलेल्या देयकाचा कागद आहे, कुणाचं व्यापारी गुपित नव्हे. "अभिलेख आढळून येत नाही" असं आलं, तर तो कुणाच्या ताब्यात होता आणि शोध कसा घेतला, हे लेखी मागा. तिथेही झालं नाही तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील करता येतं. तिथे सुनावणीला फार वेळ लागतो, म्हणून पहिल्या अपिलातच नेमकं आणि पुरेसं लिहा.

आयोग कागद मिळवून देईल, दोषी अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपयांप्रमाणे 25,000 पर्यंत दंडही करील. रस्ता दुरुस्त करून देणं त्याच्या हातात नाही. त्यासाठी एमबीचं पान, तुमची मोजणी आणि दायित्वाची अट जोडून मुख्याधिकाऱ्यांकडे वेगळी तक्रार द्यावी लागते, ठेकेदाराकडून दुरुस्ती किंवा वसुली करावी म्हणून. ही तक्रार दायित्वाची मुदत संपायच्या आत गेली पाहिजे, कारण मुदत संपली की अनामत परत केली जाते. तुमच्या रस्त्याची मुदत येत्या पावसाळ्यात संपत असेल, तर अर्ज या आठवड्यातच द्या.