पत्र आवाजात, खरं काय ते चित्रात

(मालवणातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं थोडं आवरून लिहिलेलं रूप)

नमस्कार मंडळी. मागे बसलेल्यांनी पुढे या, पंखा इथेच आहे. आज एकाच प्रकारच्या व्हिडिओबद्दल बोलायचंय. बाहेर शिकायला गेलेला मुलगा किंवा मुलगी घरी पत्र लिहिते, ते पत्र आवाजात वाचलं जातं, खाली कॅप्शन आणि वर तिकडचे-इकडचे शॉट एकामागे एक. हल्ली प्रत्येक घरातून एक तरी पोर बाहेर आहे, त्यामुळे असे व्हिडिओ खूप बनतात, आणि खरं सांगायचं तर बहुतेक कंटाळवाणे असतात. का, ते बघू.

एक उदाहरण घेऊन बसू. देवगडचा एक मुलगा जर्मनीत ड्रेस्डेनला एम.एस. करतोय, घरी आंब्याची कलमं. त्याने तीन पानी पत्र लिहिलं, चारशे ऐंशी शब्द, आणि व्हिडिओ करायचा होता अडीच मिनिटांचा. आता पत्र वाचताना माणूस बातम्यांसारखा धावत नाही, थांबत थांबत वाचतो, मिनिटाला शंभरेक शब्द धरा. म्हणजे नुसतं वाचायलाच पावणेपाच मिनिटं लागणार. मग पोरं काय करतात, भराभर वाचतात नाहीतर सॉफ्टवेअरमध्ये स्पीड वाढवतात, आणि आवाज रेल्वेच्या अनाउन्समेंटसारखा होतो. आम्ही पत्र एकशे सत्तर शब्दांवर आणलं. ते झाले एकशे दोन सेकंद. उरलेले अठ्ठेचाळीस सेकंद कोणीच बोलत नाही, आणि आई-बाबांना नेमकं त्याच अठ्ठेचाळीस सेकंदांत बघायला वेळ मिळतो.

कापलं काय? जे चित्रात दिसणार ते सगळं. "इथे खूप थंडी आहे, बर्फ पडतो" हे वाक्य गेलं, कारण बर्फ दिसतोच. "माझी खोली छोटी आहे" गेलं. उरलं ते चित्रात येऊच शकत नाही असं, म्हणजे बाबांनी कर्जाचा हप्ता फेडताना कोणाला काय सांगितलं, आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा हा का फोन उचलू शकला नाही.

पहिल्या कटमध्ये काय झालं होतं बघा. आवाज म्हणतो मी जेवतो, शॉट जेवणाचा. आवाज म्हणतो लायब्ररीत जातो, शॉट लायब्ररीचा. म्हणजे चित्र हे आवाजाचं झेरॉक्स. १९२० च्या आसपास रशियात लेव कुलेशोव्हने एका नटाचा एकच निर्विकार चेहरा तीन वेगवेगळ्या शॉटला जोडून दाखवला, एकदा सूपच्या वाटीला, एकदा शवपेटीला, एकदा बाईला, आणि बघणाऱ्यांना तोच चेहरा वेगवेगळा वाटला असं सांगतात. मोंताज म्हणतात तो हाच खेळ, दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की अर्थ मधल्या फटीतून येतो. आवाज आणि चित्र यांच्यातही अशी फट लागते.

पत्रात मुलगा आईला मालवणीतच बोलतो: "आये, मी बरो आसंय. वेळेर जेवतंय. काळजी करू नको." सगळी पोरं आईला हेच सांगतात आणि कुठलीच आई ते मानत नाही. दुसऱ्या कटमध्ये आम्ही त्या वाक्यावर जेवणाचा शॉट काढून टाकला. त्याऐवजी शेअर्ड किचनमधला फ्रिज उघडतो, त्याच्या कप्प्याला चिकटपट्टी लावून नाव लिहिलंय, आत अर्धा लिंबू आणि भाताचा डबा, बस. शॉट चार सेकंद, आवाज आधीच संपलेला. लगेच देवगडच्या घरातली आंब्याची आढी, बाबा पेंढा बाजूला करून एकेक फळ बोटाने दाबून बघतायत. तो शॉट चुलतभावाने मोबाइलवर काढला. त्याला मी एवढंच सांगितलं होतं की काकांना कॅमेऱ्याकडे बघायला लावू नकोस, हात घे.

कॅप्शनचं सांगतो, इथे लोक फार घाई करतात. दोन ओळींपेक्षा जास्त नको, एक कॅप्शन सेकंदभराच्या आत गेलं तर वाचून होत नाही आणि सात सेकंदांवर राहिलं तर लोक दुसऱ्यांदा वाचायला लागतात, चित्र सोडून देतात. कॅप्शनची वेगळी .srt फाइल असते, ती अशी दिसते:

```
7
00:00:41,200 --> 00:00:44,000
आये, मी बरो आसंय.
वेळेर जेवतंय.
```

सेकंदांनंतर स्वल्पविराम आहे तो, पूर्णविराम नाही, त्यावरून काही सॉफ्टवेअर रुसतात. फाइल UTF-8 मध्ये सेव्ह करा, नाहीतर मराठीच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं. आणि एडिटिंगमध्ये मराठी टाकल्यावर "स्थिती"सारखा शब्द बघा, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटली किंवा जोडाक्षर फुटलं तर टाइपिंग बरोबर असतं, त्या सॉफ्टवेअरचं टेक्स्ट सेटिंग बदलायचं असतं. तो मालवणी बोलला तर कॅप्शनमध्येही मालवणीच लिहा हो, "मी बरा आहे" असं सुधारून घालू नका. कानाला एक आणि डोळ्याला एक असं झालं की माणूस दोन्हीकडून गोंधळतो.

कॅप्शनची दुसरी जात म्हणजे जागा आणि वेळ. इथे एक गंमत आहे. जर्मनी हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते आणि उन्हाळ्यात साडेतीन, कारण मार्चच्या शेवटच्या रविवारी ते घड्याळ तासभर पुढे करतात. आंब्याचा सीझन उन्हाळ्यातला, म्हणजे साडेतीन तास. तिकडे रात्री साडेनऊ वाजता मुलगा बोलत असेल आणि लगेच इकडे बाबा उन्हात पेट्या चढवत असतील तर कोणीतरी घरचंच माणूस बोट ठेवणार, अरे तेव्हा इथे एक वाजलेला असतो रात्रीचा! आम्ही एक जोडी निवडली: "रात्री २, ड्रेस्डेन", ट्रामचा मोकळा स्टॉप, आणि "पहाटे ५:३०, देवगड", आई गॅस पेटवते. दोन्हीकडे अंधार आणि दोघंही जागे, पत्रात याबद्दल एक शब्द नाही.

आवाज रेकॉर्ड करायला स्टुडिओ लागत नाही. होस्टेलच्या उघड्या भिंतींत आवाज घुमतो, म्हणून रजई डोक्यावरून घ्या, फोन तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला धरा, नाहीतर "प" आणि "भ" फटाक्यासारखे फुटतात. खोलीची नुसती शांतता पण अर्धा मिनिट रेकॉर्ड करा, वाक्य कापलं की तिथे ती भरायला लागते, नाहीतर प्रत्येक कटला आवाज खड्ड्यात पडल्यासारखा वाटतो. इकडे किनाऱ्यावर उलटा त्रास, वारा थेट माइकवर आला की समुद्र नाही, फरफर ऐकू येते. भिंतीच्या आडोशाला उभं राहा, लाट ऐकू येईलच.

आणि आवाज कायम वरच हवा असं नाही. शांताल आकरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेने १९७० च्या दशकात 'न्यूज फ्रॉम होम' केला, त्यात आईची पत्रं ती न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर वाचते, आणि गाड्यांच्या, सबवेच्या आवाजात काही वाक्यं चक्क बुडतात. आम्हीही एका ठिकाणी ट्राम येऊ दिली पत्रावरून. तिथे कॅप्शन ठेवलं, म्हणजे वाक्य वाचता येतं, ऐकू येत नाही.

एका ताईंनी मघाशी विचारलं, घरच्यांनी बघितल्यावर पोरगा उपाशी आहे असं नाही का वाटणार? वाटणारच, म्हणून तो अडला होता. म्हणाला, रात्री दोन वाजलेले बघितले तर आई झोपणार नाही. वाद घातला मी, ती वेळच तर त्या जोडीचा जीव आहे वगैरे, पण पत्र त्याच्या आईला आहे, माझ्या नाही. शेवटी वेळा काढल्या, फक्त गावं ठेवली. बाबांना आधी एकट्याने दाखवलं, त्यांनी फ्रिजचा शॉट ठेवायला सांगितला आणि म्हणाले, "ह्यां आयेक कळूक होया."

आणि हो, व्हॉट्सॲपवर पाठवणार असाल तर कॅप्शन व्हिडिओच्या चित्रातच कायमचं छापून घ्या, वेगळी फाइल तिथे चालत नाही, आणि व्हिडिओ डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जातो आणि कॅप्शनची मात्रा-वेलांटी पहिली पुसट होते.