शेवटचे तेरा सेकंद

[दृश्य: अंधारी खोली, एडिटिंगचा पडदा. टाइमलाइनचं उजवं टोक.]

बारा मिनिटांचा एक लघुपट घेऊ. घरात दोनच माणसं, म्हातारा आणि म्हातारी. त्याला कमी ऐकू येतं, कानाला मशीन आहे. मशीन कानात नीट बसलं नाही की बारीक शिट्टी वाजते. ती शिट्टी त्याला स्वतःला ऐकू येत नाही, कारण नेमके उंच पट्टीतले आवाजच त्याच्या कानातून गेलेत. मग ती म्हणते, “अहो, वाजतंय तुमचं.” तो मशीन दाबून बसवतो.

पुढे ती जाते आणि तो एकटा उरतो. आता हे संपवायचं कसं?

पहिल्या खर्ड्यात मुलगी येते. म्हातारा आईच्या फोटोकडे बघत तिला म्हणतो, “मी तिचं कधी ऐकलंच नाही गं.” वाक्य वाईट नाही, फक्त ते प्रेक्षकाच्या मनातलं आहे. ते पात्राने बोलून टाकलं की प्रेक्षकाला करायला काही उरत नाही. संकलक प्रसंगाच्या शेवटाकडून एकेक शॉट काढत मागे येतो. संवाद जातो, मुलगी जाते, फोटोही जातो. उरतो टेबलाशी पेपर वाचणारा म्हातारा आणि शिट्टी. ती वाजतच राहते, कारण सांगणारं कुणी नाही.

[दृश्य: टाइमलाइन मागे सरकते. पहिला मिनिट.]

पण हा शेवट उभा राहतो तो सुरुवातीच्या पेरणीवर. शिट्टी आधी एकदाच ऐकवली तर प्रेक्षक ती विसरतो. चारदा ऐकवली तर शेवट त्याला दहा मिनिटं आधीच कळतो. इथे ती दोनदा आहे. पहिल्या मिनिटात गंमत म्हणून, आणि सहाव्या मिनिटात दोघांचं भांडण चालू असताना. भांडता भांडताच ती म्हणते, “आधी ते वाजतंय ते बघा.” लक्ष भांडणावर असतं, म्हणून पेरणी दिसत नाही. माझ्या मते पटकथेतली सगळ्यात अवघड ओळ हीच.

[दृश्य: दोन फ्रेम शेजारी शेजारी. पहिल्या प्रसंगातलं टेबल आणि शेवटच्या प्रसंगातलं.]

आता चौकट. पहिल्या प्रसंगात टेबलाच्या डावीकडे तो, उजवीकडे ती. शेवटचा शॉट घेताना छायालेखकाचा हात सवयीने वळला आणि म्हातारा मधोमध आला. फ्रेम देखणी झाली खरी, पण ती फक्त एका माणसाची फ्रेम झाली. तिची जागाच राहिली नाही. शॉट पुन्हा घ्यावा लागला: तीच लेन्स, कॅमेऱ्याची तीच उंची, जमिनीवरच्या टेपच्या त्याच खुणा. पहिल्या दिवशी हे सगळं लिहून ठेवलं होतं म्हणून निभावलं. आता उजवी अर्धी चौकट रिकामी आहे. खुर्ची तिथेच आहे, पण तिच्यावर वेगळा प्रकाश नाही. प्रकाश टाकला असता तर ते बोट दाखवणं झालं असतं.

किती वेळ धरायचा हा शॉट? सहा सेकंदांवर कापला तेव्हा बघणाऱ्यांना वाटलं, साउंडमध्ये बिघाड आहे. वीस सेकंदांवर लोक खुर्चीत चुळबुळले. तेरा सेकंदांत मात्र क्रम जुळला: आधी “हा कसला आवाज?”, मग “अच्छा, मशीन”, आणि मग नजर आपोआप उजवीकडे. ही नजर वळेपर्यंत थांबायचं असतं. अशा चाचणीत पडद्याकडे पाहू नये, बघणाऱ्यांकडे पाहावं. आणि हे तेरा सेकंद मिळाले कारण चित्रीकरणात अभिनय संपल्यावरही कॅमेरा अर्धा मिनिट चालू ठेवला होता. लगेच ‘कट’ ओरडणाऱ्या दिग्दर्शकाला एडिटिंगच्या टेबलावर नेमके हेच सेकंद मिळत नाहीत.

शिट्टीची पातळी मुद्दाम खाली ठेवलीय. असा आवाज साधारण 3 हजार हर्ट्झच्या आसपास असतो, आणि माणसाचा कान त्याच पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो. थोडा चढला की प्रेक्षक म्हाताऱ्याला विसरून कान झाकतो. तिच्याखाली रूम टोन, म्हणजे रिकाम्या खोलीचा स्वतःचा बारीक आवाज, हवा, नाहीतर शिट्टी त्या घरातली वाटत नाही, वरून चिकटवल्यासारखी वाटते.

चित्र गोठवावं का? 1959 मध्ये फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोने ‘द 400 ब्लोज’च्या शेवटी समुद्रकाठी मुलाचा चेहरा गोठवला, कारण त्या मुलाला पुढे पळायला जागाच नव्हती. इथे उलट आहे. म्हाताऱ्याचा दिवस चालूच राहणार. म्हणून कट पान उलटण्याच्या मधोमध येतो. हात हवेत, पान अर्धवट.

[दृश्य: काळा पडदा.]

एक निर्णय उरला. चित्रासोबत शिट्टीही थांबवली तर ती म्हाताऱ्याच्या घरातच राहते. काळ्या पडद्यावर दोन सेकंद चालू ठेवली, तर त्या अंधारात ती ऐकणारे फक्त आपणच असतो. दुसरा पर्याय ठेवला. मग ती तुटते, आणि नावं संगीताशिवाय वर सरकू लागतात.