पंधराव्या वर्षीचं पदक आणि तिशीतली धाव

मंडळी, मैदानावर पालक हमखास एक प्रश्न विचारतात, "सर, हिला मॅरेथॉनला कधी उतरवायचं?" मुलगी असते चौदा वर्षांची. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरकडून मुलं येतात. चढउतारावर चालून पाय तयार झालेले असतात आणि पहिल्याच वर्षी जिल्ह्यात नंबर येतो. म्हणून आज लांब पल्ल्याच्या धावण्याचंच वय बघू.

धावपटूची तीन अंगं असतात. एक, शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं. दोन, त्यातला किती हिस्सा न थकता बराच वेळ वापरता येतो. तीन, ठरावीक वेगाला किती ऑक्सिजन खर्च होतो. पहिलं अंग विशीतच कळसाला पोचतं आणि तिशीनंतर हळूहळू उतरू लागतं. उरलेली दोन मात्र वर्षानुवर्षांच्या किलोमीटरांनी सुधारत जातात.

पॉला रॅडक्लिफचं उदाहरण घ्या. अँड्र्यू जोन्स या शरीरक्रिया शास्त्रज्ञानं 1992 पासून 2003 पर्यंत तिची मोजमापं घेतली. अठराव्या वर्षी तिची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता जवळपास जेवढी होती, तेवढीच एकोणतिसाव्या वर्षीही होती. पण त्याच वेगाला लागणारा ऑक्सिजन सुमारे 15 टक्क्यांनी कमी झाला होता. आपल्या भाषेत सांगायचं तर इंजिन तेच, ॲव्हरेज वाढलं. 2003 मध्ये लंडनला ती 2 तास 15 मिनिटं 25 सेकंदांत मॅरेथॉन धावली आणि तो विक्रम सोळा वर्षं टिकला.

उसेन बोल्टनं 9.58 सेकंदांचा विक्रम केला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता, कारण स्फोटक वेग लवकर फुलतो आणि लवकर ओसरतो. एलिउड किपचोगे अठराव्या वर्षी 5000 मीटरचा जगज्जेता झाला. 2012 च्या ऑलिंपिकसाठी केनियाच्या संघात त्याला जागा मिळाली नाही, तेव्हा तो मॅरेथॉनकडे वळला आणि सदतिसाव्या वर्षी बर्लिनला 2:01:09 धावला. पल्ला लांबला की कळस उशिरा येतो, पण हा नियम पोलादी नाही हेही सांगतो. केल्विन किप्टम तेविसाव्या वर्षी 2:00:35 धावला.

आता आपल्या घरचं. कविता राऊतनं 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरचं कांस्य मिळवलं, तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन ती एकतिसाव्या वर्षी धावली. आधी ट्रॅक, मग रस्ता, हा क्रम लक्षात घ्या. चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ तर सैन्यात गेल्यावर, विशी उलटल्यावर वल्हवायला शिकला आणि रिओला एकेरी नौकानयनात तेरावा आला. दमाच्या खेळात इतक्या उशिरा सुरुवात चालते, जिम्नॅस्टिक्समध्ये चालत नाही.

मग आपल्या मुली सतराव्या वर्षी गायब का होतात? दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात, त्यामुळे पदक नेमकं त्याच वयात हवं असतं. बारा-तेराव्या वर्षी जी मुलगी जिंकते, ती पुष्कळदा फक्त लवकर वयात आलेली असते. पुढे शरीर भरतं, वजन वाढतं आणि वर्ष-दोन वर्षं वेळ जागच्या जागी थांबते. हा निसर्गाचा टप्पा आहे. पण प्रशिक्षक घाबरतो, किलोमीटर वाढवतो, "वजन कमी कर" म्हणतो. मुलगी भाकरी अर्धी करते. पाळी थांबते, हाडं भरायच्या वयात भरत नाहीत.

माझ्याकडे अशी एक मुलगी आली होती. वय सोळा, दोन्ही वेळचा सराव, पाच महिने पाळी नाही. आईला वाटत होतं, खेळणाऱ्या मुलींचं असंच असतं. तिच्या नडगीवरून मी अंगठा फिरवला. स्नायूची दुखापत असली की हातभर लांब पट्टा दुखतो. इथे एकाच बोटभर जागी ती किंचाळली. रात्री झोपेतही ठणका होता. एक्स-रे साफ निघाला, सुरुवातीला तो बरेचदा साफच असतो. एमआरआयमध्ये हाडाला बारीक तडा दिसला.

आठ आठवडे धावणं बंद. नंतर एक दिवसाआड वीस मिनिटं, अर्धं चालत, अर्धं पळत. ताटात भाकरी पूर्ण, सोबत शेंगदाणे, अंडी, दूध. पाळी सुरळीत व्हायला सात महिने लागले. त्या वर्षीचं पदक गेलं, क्रीडागुणही गेले आणि वडील माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. मला त्यांचा राग नाही आला. घरात तेवढे गुण महत्त्वाचे होते.

आता ती वीस वर्षांची आहे आणि 5000 मीटर धावते. परवा वडिलांनी पुन्हा विचारलं, मॅरेथॉन कधी? मी म्हटलं, पंचविशीपर्यंत ट्रॅकवरच राहू द्या, मग बघू.