भुसा कुणाचा?

(न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मला चाळीस मिनिटं मिळणार होती, पण नाट्यगीतांना वन्समोअर मिळत गेले आणि आता पंचवीस उरली आहेत. तक्रार नाही. मुंग्यांवरचं भाषण आहे हे कळूनही तुम्ही बसून राहिलात, तेच पुष्कळ झालं.

लाकूड पोखरलेलं दिसलं की आपण डोळे मिटून वाळवीवर आळ घेतो. कोकणातल्या घरांत वाढलेल्या माणसाला दुसरं सुचणार तरी काय? पेटीतल्या पोथ्या गेल्या, माळ्यावरची तुळई गेली, सगळं वाळवीनंच खाल्लं. मुंगळा मात्र आपल्या लेखी गुळाच्या ढेपेला लागणारा आणि पोरांना कडकडून चावणारा, झाडाच्या बुंध्याशी मातीत राहणारा प्राणी. इकडे अमेरिकेत त्याच मुंगळ्याचे नातेवाईक, कॅम्पोनोटस ह्याच प्रजातीतले, ओल्या लाकडात घर करतात. कार्पेंटर अँट म्हणतात त्यांना, आपण सुतार मुंगी म्हणू. आपल्या भागातली काळी असते. तिच्या कामकऱ्यांत लहानमोठे सगळे आकार दिसतात, सहा मिलिमीटरपासून तेरापर्यंत.

आता माझ्या आवडीचा किस्सा. बायकोनं तो इतक्यांदा ऐकलाय की ती आत्ताच चहाकडे निघाली आहे. निवृत्तीनंतर मी लोकांची घरं तपासून देतो. आमच्या एका स्नेह्यांच्या तळघरात फ्रीजरच्या झाकणावर भुशाचा छोटा ढीग पडायचा. वहिनी पुसायच्या, चार दिवसांनी पुन्हा ढीग. त्यांनी एका कीड-नियंत्रणवाल्या कंपनीला बोलावलं. विक्रेता आला, भुसा लांबून बघितला आणि म्हणाला, 'टर्माइट.' घराभोवती दर दहा फुटांवर जमिनीत आमिषाच्या नळ्या पुरल्या, वर्षाचा करार झाला. त्या नळ्यांत काय असतं? लाकडाचा किंवा कागदाचा लगदा, म्हणजे सेल्युलोज, आणि त्यात वाळवीवरचं औषध. दर तिमाहीला एक पोरगा यायचा, झाकणं उघडायचा आणि कागदावर खूण करायचा: 'वाळवीची हालचाल नाही.' कंपनी खूश! अहो, हालचाल असणार कुठून? सुतार मुंगी लाकूड खातच नाही. तिला मावा किडीचा गोड स्राव हवा, मेलेले किडे हवेत. जी तुमची तुळई खात नाही, ती तुमचा लगदा कशाला खाईल? इकडे फ्रीजरवर भुसा पडतच होता.

मला बोलावलं तेव्हा मी ढीग पांढऱ्या कागदावर घेऊन भिंगाखाली धरला. शार्पनरमधून निघतात तशा लाकडाच्या तुसांमध्ये मुंगीचे तुटके पाय होते, एक अख्खं डोकं होतं, माशीचा पंख होता आणि भिंतीतल्या काचलोकरीचे गुलाबी धागेही होते. हा भुसा कमी आणि कचरापेटी जास्त. मुंग्या घर झाडतात आणि केर फटीतून बाहेर लोटतात.

फ्रीजरच्या बरोबर वर, भिंतीपलीकडे, डेक होता. डेकची फळी घराच्या कडेच्या तुळईला बोल्टनं जोडलेली, पण सांध्यावर पत्र्याची पट्टी बसवलेलीच नव्हती. पाऊस आणि बर्फाचं पाणी वर्षानुवर्षं आत झिरपत होतं. ओलावामापक टोचला तर २८ टक्के. घरातलं सुकं लाकूड साधारण दहा-बारावर असतं. स्क्रूड्रायव्हर तर मुठीपर्यंत आत गेला. फळी काढली तेव्हा वहिनी म्हणाल्या, 'अगंबाई, हे तर पॉलिश केलंय!' खरंच तसं दिसत होतं. वार्षिक वलयांतला मऊ भाग कोरून काढलेला आणि कठीण भाग पातळ पडद्यांसारखा उभा ठेवलेला. दालनं गुळगुळीत, मातीचा कण नाही.

आत मोठ्या अळ्या होत्या, कोशही होते. लोक कोशांना अंडी समजतात. अंडी मात्र एकही नव्हती, राणीही नव्हती. तेव्हा हे मुख्य वारूळ नव्हे, शाखा. अंड्यांना दमटपणा लागतो, म्हणून राणी ओल्या जागी बसते. वाढलेल्या अळ्या आणि कोश कुठेही ठेवता येतात, अगदी कोरड्या भिंतीतसुद्धा. मग रात्री दहाला टॉर्चला लाल कागद लावून बसलो, कारण लाल उजेड मुंग्यांना जवळजवळ दिसत नाही. मधाचा थेंब ठेवला. थेंब पिऊन निघालेल्या मुंग्या विजेच्या वायरवरून छपराकडे गेल्या, छपराला टेकलेल्या मेपलच्या फांदीवर चढल्या आणि खोडाच्या ढोलीत शिरल्या. पुढे फांदी तोडली, ढोलीत औषध टाकलं, सहा फूट तुळई बदलली आणि पत्रा बसवला. पत्रा सुरुवातीलाच बसवला असता तर त्या कराराच्या एका हप्त्याहून स्वस्त पडला असता.

पाच मिनिटं? बरं. जाहिरातीत जो विषय छापलाय, वाळवी की मुंगी हे ओळखायचं कसं, तो आता उरकतो.

खुणा पाठ करू नका, दोन प्रश्न विचारा. तो किडा लाकूड खातो का? आणि त्याच्या कातडीला उघडी हवा सोसते का? मुंगी खात नाही, म्हणून कोरलेलं सगळं बाहेर टाकते. जमिनीतली वाळवी लाकूड पोटात घालते, तेव्हा भुसा पडत नाही. तिच्या दालनांत माती आणि विष्ठेचा गिलावा असतो. मुंबईच्या फर्निचरखाली बारीक कोरडे दाणे सांडतात ना, एक मिलिमीटरचे, सहा पैलूंचे? ती कोरड्या लाकडातली वाळवी, आणि तो भुसा नव्हे, तिची विष्ठा.

दुसरं म्हणजे वाट. वाळवीची कातडी पातळ, उघड्यावर सुकते, म्हणून ती पायाच्या भिंतीवरून पेन्सिलीएवढ्या जाड मातीच्या नळीतून चढते. नळी मधेच मोडा आणि काही दिवसांनी पाहा. पुन्हा जोडलेली असेल तर आत वाळवी आहे. तशीच राहिली म्हणून मात्र ती गेलीच असं धरू नका. मुंगीची कातडी टणक, ती उघड्यावर चालते, बहुतेक रात्री, पाइपच्या किंवा वायरच्या कडेनं. अंगणातल्या गवतात तिची साफ केलेली पायवाटही सापडते.

पंखवाले किडे निघाले तर कंबर बघा. बारीक कंबर, कोपरासारख्या वाकलेल्या मिशा आणि पुढचे पंख मोठे असतील तर मुंगी. जाड कंबर, सरळ मिशा आणि चारी पंख सारखे असतील तर वाळवी.

दोन इशारे. केर भिंतीच्या पोकळीतच पडला तर बाहेर काहीच दिसत नाही. तिथे भिंतीला कान लावा, खसखस ऐकू येते. आणि वाळवीनं सोडलेल्या बोगद्यांत मुंग्या राहायला येतात. तेव्हा मुंगीचा भुसा दिसला तरी दालनांच्या कोपऱ्यात माती चिकटली आहे का, ते तपासाच.

हो, हो, जेवण लागलंय, दिसतंय मला. मागच्या ताईंचा प्रश्न घेतो: जानेवारीत स्वयंपाकघरात मोठे मुंगळे फिरतात, बाहेर बर्फ आहे. मग ते बाहेरून आलेले नाहीत ताई, घरटं तुमच्या घरातच आहे. सिंकखालची ओल आधी बघा. एकदोन मुंगळे स्पिरिटच्या बाटलीत टाकून रटगर्स विद्यापीठाच्या विस्तार सेवेकडे द्या, थोडी फी घेऊन ते ओळखून देतात. विक्रेत्याला त्यानंतर बोलवा.