सैल झाकणाचे पातेले

श्रोतेहो, नमस्कार. आजची कथा भाड्याच्या एका सदनिकेतील सामाईक स्वयंपाकघराची आहे. मोठ्या खोलीत रात्रपाळी करणाऱ्या एक परिचारिका राहत आणि लहान खोलीत हिशेबनिसाची नोकरी करणारा एक तरुण. शेगडी एक, मांडण्या दोन, आणि बोलणे जवळजवळ नाहीच, कारण ताई परतत तेव्हा तो निघण्याच्या घाईत असे.

एका सकाळी करपलेल्या भाताचे पातेले मोरीत भिजत पडलेले पाहून ताईंनी शेगडीशेजारी चिठ्ठी ठेवली : "एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी. उकळी आली की झाकण ठेवून मंद आचेवर 12 मिनिटे. मग आच बंद करून 10 मिनिटे झाकण उघडू नकोस. माझे पातेले घेतलेस तरी चालेल, फक्त धुऊन ठेव." भात मोकळा झाला. त्या उपकाराची फेड म्हणून तरुणाने तांबूस परतलेल्या कांद्याची आपली कृती लिहून ठेवली.

ताईंनी चार मोठे कांदे चिरून त्याच खोल पातेल्यात घातले. अर्ध्या तासाने कांदा मऊ झाला होता, पण रंग पांढुरकाच, आणि तळाशी पाणी साचलेले. त्याच आठवड्यात तरुणाकडे मित्र आले. त्याने तीन वाट्या तांदळाला हिशेबाने सहा वाट्या पाणी घातले आणि भाताचा लगदा झाला.

"ताई, तुमचे प्रमाण चुकले," तो म्हणाला.

"आणि तुझा कांदा उकडला," ताई म्हणाल्या.

रविवारी दोघे प्रथमच एका वेळी ओट्यापाशी उभे राहिले. ताईंच्या पातेल्याचे झाकण सैल होते. त्यांनी त्यात दोन वाट्या नुसते पाणी उकळून, झाकून 12 मिनिटे ठेवले आणि मग मोजले, तर जेमतेम एक वाटी उरली. म्हणजे वाटीभर तांदूळ साधारण वाटीभरच पाणी पितो आणि दुसरी वाटी वाफ होऊन जाते. तांदूळ तिप्पट केला, तरी पातेले, झाकण आणि वेळ तीच असल्यास वाफ तिप्पट होत नाही. म्हणून तीन वाट्यांना सहा नव्हे, चारच वाट्या पाणी. आकडेमोडीत मुरलेल्या माणसाला हे सुचले नाही, याची त्याला जरा लाजच वाटली.

कांद्याचे कोडे मग लगेच सुटले. तरुण पसरट तव्यावर कांदा पातळ थरात परतत असे, त्यामुळे सुटलेले पाणी तत्काळ उडून जाई. खोल भांड्यात ढीग झाला की ते तळाशी साचते, आणि पाणी आटल्याशिवाय रंग चढत नाही.

तरुणाने पेन काढून स्वतःच्या चिठ्ठीवर "पसरट तवा, दोन कांद्यांहून जास्त नाही" असे लिहिले. ताईंनी आपल्या चिठ्ठीवर "सैल झाकण" एवढेच लिहिले, आणि क्षणभर थांबून "झाकण बदलले, तर पाणी पुन्हा मोजणे" अशी ओळ खाली जोडली.